पेंटाचा डोस राहिला, गोवराची लस आली आणि घरात पुतण्या स्टिरॉइडवर: कोणाला काय चालतं?

"मॅडम, माझी मुलगी ५ मार्चची. दीड महिन्याचे आणि अडीच महिन्याचे डोस झाले, अडीच महिन्याचे १८ मेला. मग आम्ही गावी गेलो आणि साडेतीन महिन्याचे राहूनच गेले. आता नऊ महिने पूर्ण झालेत, गोवराची लस आहे. सगळं पहिल्यापासून करावं लागेल का? तिला थोडी सर्दी पण आहे. सासूबाई म्हणतात एवढी इंजेक्शनं एकदम नकोत. घरात पाच वर्षांचा पुतण्या आहे, त्याला किडनीच्या आजारासाठी तीन आठवडे झाले स्टिरॉइड चालू आहे, त्याचं पाच वर्षांचं बूस्टर आणि कांजिण्यांचा दुसरा डोस बाकी आहे. आणि जाऊबाई सहाव्या महिन्यात आहेत. एकाला दिलेल्या लसीचा घरात दुसऱ्याला त्रास होतो म्हणतात, खरंय का?" – नारायणगावहून एक आई

ताई, पहिल्यापासून काहीही करायचं नाही. एप्रिल-मे मधले डोस वाया गेलेले नाहीत, जिथे थांबलात तिथून पुढे चालू करायचं, सर्दी असली तरी. गोवराची लस आणि राहिलेला पेंटा एकाच दिवशी देता येतात आणि द्याच. फक्त एक गोष्ट मात्र केंद्रावर गेल्या गेल्या सिस्टरना सांगायची, की घरात स्टिरॉइडवरचं मूल आहे, त्यामुळे पोलिओचे तोंडातले थेंब पाजायच्या आधी विचार करायचाय. का ते खाली सांगते.

तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, लस जिवंत आहे की नाही. तो कळला की कोणाला द्यायची नाही, किती वेळा द्यायची, कधी द्यायची हे बरंचसं आपोआप कळतं. कार्डावर नावं वेगवेगळी असली तरी गट तीनच आहेत. बीसीजी, पोलिओचे थेंब, रोटाचे थेंब, गोवर-रुबेला म्हणजे एमआर आणि कांजिण्या या जिवंत लसी, यातला जंतू कमजोर केलेला असतो पण तो अंगात जाऊन वाढतो. दुसरा गट मेलेल्या जंतूंचा किंवा जंतूच्या तुकड्यांचा, त्यात पोलिओचं इंजेक्शन, डांग्या खोकल्याचा भाग, बी काविळीची लस, न्यूमोनियाची पीसीव्ही, फ्लूचं इंजेक्शन. आणि तिसरा टॉक्सॉइड, त्यात जंतू नसतोच, जंतूने सोडलेलं विष फॉर्मेलिनने निकामी करून तेवढंच दिलेलं असतं, ते म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प. तुमच्या मुलीच्या डाव्या मांडीत जो पेंटा गेला त्या एका सुईत दोन टॉक्सॉइड, डांग्या खोकल्याचे मेलेले जंतू, बी काविळीचा तुकडा आणि हिब नावाच्या जंतूचा तुकडा असे पाच भाग असतात, पण जिवंत त्यात काहीच नाही.

आता राहिलेल्या डोसचं बघू. लस दिली की त्याच दिवशी संरक्षण मिळतं असं नसतं. पहिल्यांदा दिलेल्या लसीला शरीराला ओळख पटवायलाच साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, मग आधी आयजीएम नावाच्या ढोबळ अँटीबॉडी येतात, मग आयजीजी, त्या चौथ्या आठवड्याच्या आसपास वर पोचतात आणि नंतर हळूहळू उतरायला लागतात. मेलेली लस किंवा टॉक्सॉइड अंगात वाढत नाही, जेवढं सुईत होतं तेवढंच शरीराला दिसतं, म्हणून पहिल्या डोसला मिळणारी पातळी कमी असते. धनुर्वाताच्या एका डोसने तर भरवशाचं संरक्षण जवळजवळ मिळतच नाही, दुसऱ्यानंतर मिळतं पण लवकर उतरतं, तिसऱ्यानंतर ते काही वर्षं टिकण्याइतकं होतं. म्हणून दीड, अडीच, साडेतीन महिने असे तीन.

दोन डोसमध्ये निदान चार आठवडे का ठेवतात तर पहिल्या डोसचं काम तोवर चालू असतं. आत लिम्फच्या गाठींमध्ये अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींची निवड होत असते, ज्या पेशी जंतूला घट्ट पकडतात त्या राहतात, बाकीच्या गळतात, आणि त्यातून आठवण ठेवणाऱ्या पेशी तयार होतात. हे चालू असतानाच दुसरा डोस टोचला तर शरीर त्याचा नीट उपयोग करून घेत नाही, म्हणून खूप लवकर दिलेला डोस पुष्कळदा मोजतच नाहीत. पण उशिरा दिलेला डोस मात्र मोजतात, कारण आठवण ठेवणाऱ्या पेशी कुठे जात नाहीत. मधे सात महिने गेले काय आणि दोन वर्षं गेली काय, पुढचा डोस दिला की त्या चार-सात दिवसांत जाग्या होतात आणि पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त आणि चांगल्या अँटीबॉडी काढतात. तुमच्या मुलीचं नुकसान एवढंच झालं की जूनपासून आत्तापर्यंतचे सहा महिने ती दोनच डोसच्या तुटपुंज्या संरक्षणावर होती. डांग्या खोकल्याच्या बाबतीत हे महिने खरंच काळजीचे असतात, एवढ्या लहान बाळांना तो फार वाईट होतो, म्हणून आता "पुढच्या महिन्यात बघू" असं करू नका. पेंटा तीन याच आठवड्यात द्या.

धनुर्वाताबद्दल एक गोष्ट लोकांना पटतच नाही, ती इथेच सांगते. गोवर एकदा होऊन गेला तर परत सहसा होत नाही, पण धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही धनुर्वाताची लस द्यावीच लागते. कारण ते विष इतकं जहाल आहे की जीव घ्यायला लागतं तेवढं प्रमाणसुद्धा शरीराच्या संरक्षण यंत्रणेला जागं करायला पुरत नाही. म्हणजे आजारापेक्षा लस इथे जास्त शिकवते. आणि टॉक्सॉइडची मर्यादाही यातच आहे, ते फक्त विषाविरुद्ध काम करतं. घटसर्पाची लस घेतलेल्या मुलाच्या घशात जंतू येऊन राहू शकतो, त्याला स्वतःला काही होत नाही पण तो दुसऱ्याला देऊ शकतो. म्हणून "आमच्या आजूबाजूला सगळ्यांनी घेतलीय, आमचं एक राहिलं तर काय झालं" हे घटसर्पाला पूर्णपणे लागू पडत नाही, आणि धनुर्वाताला तर अजिबातच नाही, तो मातीतून येतो, माणसाकडून येत नाही.

आता गोवर. सासूबाईंना किंवा घरात कुणालाही प्रश्न पडेल की बाकी सगळं दीड महिन्यापासून आणि हेच नऊ महिन्यांनी का. तर बाळ पोटात असताना, जास्त करून शेवटच्या तीन महिन्यांत, आईच्या आयजीजी अँटीबॉडी नाळेतून बाळाकडे जातात. त्या बाळाला पहिले काही महिने गोवरापासून सांभाळतात, पण त्याच अँटीबॉडी लसीतल्या जिवंत विषाणूलाही वाढायच्या आधीच पकडून टाकतात. विषाणू वाढला नाही तर शरीराला काही कळतच नाही, इंजेक्शन फुकट जातं. टॉक्सॉइडवर किंवा मेलेल्या लसीवरही आईच्या अँटीबॉडीचा थोडा परिणाम होतो पण त्यांना वाढायची गरजच नसते, म्हणून त्या दीड महिन्याला देऊनही काम करतात आणि तीन डोसांत भरून निघतं. जिवंत गोवराला मात्र आईच्या अँटीबॉडी उतरायची वाट बघावी लागते.

मग एक वर्षापर्यंत का नाही थांबत? थांबलं तर लस जास्त चांगली लागते, हे खरंय. नऊ महिन्यांना दिली तर साधारण ८५ टक्के मुलांमध्ये ती लागते, वर्षानंतर दिली तर ९५ टक्क्यांच्या आसपास. पण जिथे गोवर फिरत असतो तिथे ते मधले तीन महिने बाळ उघडं पडतं, आईच्या अँटीबॉडी संपलेल्या आणि लस नाही. म्हणून आपल्याकडे नऊ महिने ठरलंय. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली तेव्हा तर जिथे नऊ महिन्यांच्या आतली मुलं जास्त आजारी पडत होती अशा भागांसाठी सहा महिन्यांनंतर एक जादा डोस द्यायचा सल्ला केंद्र सरकारने दिला होता. असा लवकरचा डोस कोर्समध्ये मोजत नाहीत, नऊ महिन्यांचा आणि त्यानंतरचा असे दोन्ही परत घ्यावेच लागतात, कारण त्या वयात तो कितपत लागला याची खात्री नसते.

आणि म्हणूनच १६ ते २४ महिन्यांना एमआरचा जो दुसरा डोस असतो त्याला लोक बूस्टर म्हणतात पण तो त्या अर्थाने बूस्टर नाही. ज्यांना पहिला लागला त्यांना तो एका डोसनेच बरीच वर्षं पुरतो, कारण जिवंत विषाणू अंगात दिवसेंदिवस वाढत राहतो आणि शरीर त्याच्याशी जवळजवळ खऱ्या आजारासारखंच लढतं. दुसरा डोस त्या १५ टक्क्यांसाठी असतो ज्यांना पहिला लागलाच नाही. आपलं मूल कोणत्या बाजूला आहे हे बाहेरून बघून कळत नाही, तपासणी करत बसण्यापेक्षा सगळ्यांना दोन डोस देणं सोपं. उलट पेंटानंतरचं त्रिगुणीचं, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या एकत्र लसीचं बूस्टर हे खरं बूस्टर, ते खाली आलेली पातळी वर उचलतं. दिसायला कार्डावर दोन्ही एकाच ओळीत असतात.

एवढी इंजेक्शनं एकदम नकोत ही सासूबाईंची काळजी मी समजू शकते, बाळ रडतं ते बघवत नाही. पण शरीराला त्याचा भार होत नाही. नियम फक्त एकच आहे आणि तो जिवंत इंजेक्शनांपुरता: दोन जिवंत इंजेक्शनं, म्हणजे उदाहरणार्थ एमआर आणि कांजिण्या, एकतर एकाच दिवशी द्यायची नाहीतर मधे निदान चार आठवडे ठेवायचे. पहिल्या विषाणूविरुद्ध शरीर जे इंटरफेरॉन सोडतं ते आठवड्या-दोन आठवड्यांनी आलेल्या दुसऱ्या विषाणूला वाढू देत नाही, मग दुसरी लस लागत नाही. मेलेल्या लसी आणि टॉक्सॉइडला हा नियम नाही, त्या जिवंत लसीबरोबर, आदल्या दिवशी, नंतरच्या दिवशी, कधीही चालतात. म्हणून एमआर उजव्या दंडात आणि पेंटा डाव्या मांडीत त्याच दिवशी, काही अडचण नाही. दोन खेपा केल्या तर बाळाला रडण्याचे दोन दिवस आणि तुम्हाला परत एकदा राहून जायची भीती.

याच नियमाचा एक भाऊ आहे, त्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण सांगून ठेवते. बाळाला मधल्या काळात रक्त चढवलं असेल किंवा इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल तर त्यात दुसऱ्यांच्या तयार अँटीबॉडी असतात, त्या आईच्या अँटीबॉडीसारखंच गोवराच्या लसीला मारतात. साधं रक्त दिलं असेल तर सहा महिने, कावासाकीसारख्या आजारात मोठा डोस दिला असेल तर अकरा महिने एमआर पुढे जाते. पेंटाला मात्र काहीच थांबायला लागत नाही.

लस जिवंत आहे की नाही यावरून ताप कधी येणार हेही कळतं आणि हे घरी फार उपयोगी पडतं. पेंटाचा ताप त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी येतो, डांग्या खोकल्याच्या मेलेल्या जंतूंमुळे, मांडी दुखते, बाळ किरकिरतं, एक-दोन दिवसांत बसतं. एमआरचा ताप मात्र पहिल्या दिवशी येत नाही, विषाणूला वाढायला वेळ लागतो म्हणून तो सातव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान येतो, काहींना बारीक पुरळही येतं. तोपर्यंत लस घेतलेली घरात सगळे विसरलेले असतात आणि मग "गोवर निघाला" म्हणून घाबरतात. दोन्ही एकत्र दिल्यावर तुमच्याकडे दोनदा ताप येऊ शकतो, एकदा लगेच आणि एकदा आठवड्याने, म्हणून कॅलेंडरवर लिहून ठेवा. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे सिस्टरना किंवा डॉक्टरांना विचारून, आणि ताप यायच्या आधीच देऊन ठेवायचं नाही. बाळ सुस्त झालं, दूध ओढेना, झटका आला किंवा ताप तीन दिवसांच्या वर गेला तर तो लसीचा आहे असं गृहीत धरायचं नाही, सरळ दाखवायचं.

सर्दी. साधी सर्दी, बारीक ताप, एखाद-दुसरी पातळ शी, अँटिबायोटिक चालू असणं, अंगावरचं दूध, बाळ कमी दिवसांचं जन्मलेलं असणं, यातल्या कशानेही लस थांबत नाही. मला दर आठवड्याला अशी मुलं दिसतात ज्यांची लस फक्त नाक वाहतंय म्हणून दोन-दोन महिने पुढे गेलेली असते, आणि त्या वयातलं मूल दोन महिन्यांत एकदाही सर्दी न होता राहणं अवघडच. थांबायचं ते बाळ खरंच आजारी असेल तेव्हा, जोराचा ताप, धाप लागणं, दवाखान्यात भरती. तेही लस धोकादायक होईल म्हणून नाही तर उद्या बिघडलं तर लसीमुळे की आजारामुळे ते कळणार नाही म्हणून.

कायमची मनाई फार थोड्या गोष्टींना आहे. आधीच्या डोसनंतर काही मिनिटांत-तासांत अंगावर गांधी, घसा सुजणं, श्वास अडकणं, बीपी पडणं असं झालं असेल तर ती लस परत नाही, मग ती कोणत्याही गटातली असो. डांग्या खोकल्याच्या भागानंतर सात दिवसांत दुसरं काही कारण न सापडता बेशुद्धी किंवा लांबलेले झटके आले असतील तर पुढे तो भाग वगळून फक्त टॉक्सॉइड देतात, इथे बघा, एकाच सुईतल्या भागांना वेगळे नियम आहेत. बाकी जे मोठे नियम आहेत ते जवळजवळ सगळे जिवंत लसींचे आहेत, कारण तिथे विषाणू वाढणार असतो आणि त्याला आवरणारं कुणीतरी शरीरात लागतं: जन्मजात प्रतिकारशक्तीचा गंभीर दोष, केमोथेरपी, प्रत्यारोपणाची औषधं, जास्त मात्रेत स्टिरॉइड, आणि गरोदरपण.

तुमचा पुतण्या यातच येतो. किडनीचा आजार म्हणजे बहुतेक नेफ्रोटिक असणार, पाच वर्षांच्या मुलाला अंगावर सूज आणि लघवीतून प्रोटीन. त्याची पहिली वेळ असेल तर रोज साधारण किलोला २ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सहा आठवडे आणि मग एक दिवसाआड सहा आठवडे अशी पद्धत असते. जिवंत लसीसाठीची रेषा अशी आहे: रोज किलोला २ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, किंवा एकूण २० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, आणि तेही १४ दिवस किंवा त्याहून अधिक. त्याचं वजन समजा १८ किलो, म्हणजे रोज ३६ मिलिग्रॅम, आणि तीन आठवडे झालेत, म्हणजे तो रेषेच्या बराच पलीकडे आहे. त्याला कांजिण्यांचा दुसरा डोस आत्ता द्यायचा नाही, पहिला झालेला असला तरी नाही. स्टिरॉइड थांबून निदान एक महिना गेल्यावर द्यायचा, किंवा मात्रा बरीच खाली आली की त्याचे किडनीचे डॉक्टर सांगतील तेव्हा. दम्याचा पंप, अंगाला लावायचं मलम, तीन-चार दिवसांचं स्टिरॉइड, हे यात धरत नाहीत, नाहीतर लोक त्यासाठीही लस थांबवून बसतात.

पण पाच वर्षांचं त्रिगुणीचं बूस्टर? ते त्याला चालतं. त्यात जिवंत काही नाही, स्टिरॉइडवर असताना ते धोकादायक होऊ शकत नाही. होऊ शकतं ते एवढंच की स्टिरॉइडने पेशी दबलेल्या असताना अँटीबॉडी कमी बनतील, शिवाय नेफ्रोटिकमध्ये सुजेच्या काळात आयजीजी लघवीतून वाहून जातात. त्यामुळे रोजची मात्रा संपून एक दिवसाआड सुरू झाली की द्यायचं असं डॉक्टर म्हणाले तर तेही बरोबर आहे, सहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत अजून वेळ आहे. पण मधे खेळताना मोठी जखम झाली तर मात्र स्टिरॉइडचं कारण सांगून धनुर्वाताचं इंजेक्शन टाळू नका. त्याच्या डॉक्टरांशी न्यूमोनियाच्या आणि फ्लूच्या इंजेक्शनबद्दलही बोला, दोन्ही जिवंत नाहीत, आणि नेफ्रोटिकच्या मुलांना न्यूमोनियाच्या जंतूचा त्रास जास्त होतो. आणि शाळेत किंवा शेजारी कुणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला आणि हा त्याच्याजवळ होता असं कळलं तर पुरळ यायची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, कारण संसर्ग झाल्यावर काही ठरावीक दिवसांतच तयार अँटीबॉडीचा उपयोग होतो.

आता एकाचा दुसऱ्याला त्रास. बहुतेक लसींबाबत हे खोटं आहे पण मुख्यतः एका लसीबाबत खरं आहे, म्हणूनच ही अफवा टिकून आहे. एमआरचा विषाणू बाळाकडून दुसऱ्याला जात नाही, पुरळ आलं तरी नाही. त्यामुळे मुलीला एमआर द्यायची, ती पुतण्यासोबत खेळेल, जाऊबाई तिला कडेवर घेतील, काही होत नाही. उलट मुलीला लस न देता तिला खरा गोवर झाला तर स्टिरॉइडवरच्या मुलाला आणि गरोदर बाईला तोच खरा धोका. पोलिओचे थेंब मात्र वेगळे. तो विषाणू बाळाच्या आतड्यात वाढतो आणि काही आठवडे शीतून बाहेर पडतो. इतर घरात त्याचं काही बिघडत नाही, पण ज्याची प्रतिकारशक्ती दाबलेली आहे त्याच्या घरातल्या मुलांना थेंबांऐवजी पोलिओचं इंजेक्शन द्यावं असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. तुमच्या मुलीचा साडेतीन महिन्यांचा पोलिओ इंजेक्शनचा डोस तसाही राहिलाय, उजव्या दंडावर कातडीच्या आत ०.१ मिलि देतात तो, तो आता होऊन जाईल. त्यामुळे पुतण्याच्या डॉक्टरांकडून एक चिठ्ठी लिहून घ्या, "घरात स्टिरॉइडवरचा रुग्ण, थेंब तूर्त नकोत", म्हणजे केंद्रावर वाद होणार नाही. पोलिओ रविवारी बूथवाले दारात आले तरी हेच सांगायचं. आणि थेंब आधीच पाजून झाले असतील तर घाबरू नका, महिना-दीड महिना लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवा आणि ते काम पुतण्याच्या जवळ करू नका.

जाऊबाईंना एमआर, कांजिण्या या जिवंत लसी बाळंतपण होईपर्यंत नाहीत. टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची लस, मात्र त्यांना हवीच, पूर्वीच्या टीटीच्या जागी आता ती देतात, तिचे दोन्ही भाग टॉक्सॉइड. पुतण्या त्यांचाच असेल तर मागचं बाळंतपण पाच वर्षांपूर्वीचं, म्हणजे तीन वर्षांच्या वर गेलं, त्यामुळे एक बूस्टर पुरणार नाही, चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. अजून एकही झाला नसेल तर या आठवड्यातच पहिला घ्या, कारण दुसरा डोस बाळंतपणाच्या निदान दोन आठवडे आधी व्हायला हवा, त्यांच्या शरीराला अँटीबॉडी बनवून नाळेतून पाठवायला तेवढा वेळ लागतो. गोवराच्या लसीला आड येणारी आईची अँटीबॉडी ती हीच, इथे ती नाळ कापताना होणाऱ्या धनुर्वातापासून बाळाला वाचवते.

तर मुलीचं पुढचं असं. या आठवड्यात एमआर एक, पेंटा तीन, पोलिओचं इंजेक्शन, राहिलेली पीसीव्ही दोन आणि अ जीवनसत्त्वाचं १ मिलि. रोटाचा तिसरा डोस राहिलाय तो सरकारी केंद्रात चालतो का ते कार्ड दाखवून विचारा, खासगीतल्या रोटाला आठ महिन्यांची मर्यादा असते आणि ती उलटून गेलीय. नऊ महिन्यांचं पीसीव्ही बूस्टर आज द्यायचं नाही, दुसऱ्या डोसनंतर निदान आठ आठवडे सोडायचे. एमआरची बाटली पाणी घालून कालवल्यावर चारच तास चालते, नंतर ती टाकून द्यावी लागते, त्यामुळे लेबलवर उघडल्याची वेळ लिहिलीय का एवढं बघा, सिस्टर लिहितातच. त्रिगुणीचं पहिलं बूस्टर पेंटा तीननंतर निदान सहा महिन्यांनी, कारण ती आठवण ठेवणाऱ्या पेशींची निवड पूर्ण व्हायला तेवढे महिने लागतात आणि त्याआधी दिलेलं बूस्टर कमी उचल देतं. आता डिसेंबरमध्ये पेंटा दिला तर सहा महिने जूनमध्ये होतात, मुलगी १६ महिन्यांची ५ जुलैला होते, म्हणजे जुलैच्या पहिल्या लसीकरणाच्या दिवशी एमआर दोन आणि त्रिगुणी दोन्ही एकत्र देता येतील, आणि तोपर्यंत पुतण्याचं स्टिरॉइड संपलेलं असेल तर पोलिओच्या थेंबांचं तेव्हा परत विचारून घ्या.